दरबारात सगळेच चकाकत असतील तर खिलत दिसणार कशी?

ऐतिहासिक सिनेमा किंवा मालिका आली की आपल्याकडे भांडण होणार हे ठरलेलंच आहे आणि ते भांडण कशावरून होणार हेही ठरलेलं आहे. 2015 ला ‘बाजीराव मस्तानी’तल्या पिंगा गाण्यावरून झालं, पेशव्यांच्या घरातल्या बायका अशा नाचतील का, काशीबाईंना तर पायाचं दुखणं होतं, लुगडं असं कमरेखाली नेसतात का वगैरे. 2025 च्या जानेवारीत ‘छावा’च्या ट्रेलरमधल्या लेझीमवरून झालं आणि दिग्दर्शकांनी तो सीनच काढून टाकला. मग दर वेळी तीच मागणी येते की रिलीजच्या आधी इतिहासकारांना दाखवा, कमिटी नेमा. माझं या सगळ्यावर म्हणणं एवढंच आहे की आपण तीन मिनिटांच्या नाचावर महिनाभर भांडतो आणि उरलेले अडीच तास किंवा उरलेले पाचशे एपिसोड अंगावरचं कापड जे धडधडीत खोटं सांगत असतं त्याकडे बघतही नाही. आणि गंमत अशी की ज्या मानापमानासाठी आपण भांडतो ना, तो मानापमान त्या काळात बऱ्याचदा कापडातच मोजला जायचा.

आग्र्याचंच घ्या, कारण हा प्रसंग शाळेपासून प्रत्येकाला पाठ आहे. 12 मे 1666, औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार, शिवाजी महाराज नऊ वर्षांच्या शंभूराजांना घेऊन आलेत. पडद्यावर आपण काय बघतो? महाराजांना मागच्या रांगेत उभं केलं, पुढे जसवंतसिंहाची पाठ दिसली, महाराज भडकले, जोरदार डायलॉग. हे खोटं नाही, रांगेचा अपमान होताच. पण मिर्झाराजे जयसिंगांच्या आमेरच्या लोकांनी त्या वेळी आग्र्याहून राजस्थानीत लिहिलेली पत्रं आहेत, परकालदासची वगैरे, त्यात क्रम नीट दिलाय. आधी वाढदिवसाचे विडे वाटले, तो विडा महाराजांनाही मिळाला. मग खिलती दिल्या, म्हणजे मानाचे पोशाख, त्या शहजाद्यांना, वजीर जाफरखानाला आणि जसवंतसिंहाला. महाराजांना नाही. आणि तिथे त्यांचा चेहरा बदलला असं पत्रात आहे. पुढे बादशहानं समजूत काढायला माणसं पाठवली ती खिलत घेऊनच पाठवली, आणि महाराजांनी ती अंगावर घालायला साफ नकार दिला. म्हणजे अपमानाची सुरुवातही कापडानं झाली, भरपाईही कापडानंच देऊ केली, आणि नकारही कापडालाच दिला गेला.

आता हा सीन आपल्या मालिकेच्या सेटवर उभा करून बघा. दरबारात शिरणारा शेवटचा चोपदारसुद्धा ब्रोकेडमध्ये, महाराजांच्या अंगावर पहिल्या एपिसोडपासून मखमल, तीही जरीच्या बुट्ट्यांची, खांद्याला आतून पॅड, गळ्याला स्टोनवर्क. अशा दरबारात तबकातून एक झगमगीत पोशाख आणून जसवंतसिंहाच्या खांद्यावर टाकला तर प्रेक्षकाला त्यात काय विशेष दिसणार? त्याच्या अंगावर आधीच तसलंच आहे, शेजारच्याच्या अंगावरही तसलंच आहे. म्हणून मग लेखकाला रांगेवर जोर द्यावा लागतो, डायलॉग लिहावा लागतो, तीनदा झूम मारावा लागतो, ढोल वाजवावे लागतात. कापडानं जे एका शॉटमध्ये सांगितलं असतं ते सांगायची सोयच आपण पहिल्या एपिसोडला संपवून टाकलेली असते.

आणि हे काही फक्त मुघलांचं खूळ नव्हतं. आपल्याकडे तर पदच कापडावरून ओळखलं जायचं, पेशवाईची वस्त्रं मिळाली म्हणजे पेशवेपद मिळालं. 1720 ला शाहू महाराजांनी बाजीरावांना वस्त्रं दिली. 1773 ला नारायणरावांचा खून झाल्यावर राघोबादादांची सगळी धडपड वस्त्रांसाठी, आणि पुढच्या वर्षी सवाई माधवराव जन्मले तर त्या काही आठवड्यांच्या बाळाच्या नावानं साताऱ्याहून वस्त्रं आणली. केवढा सीन आहे हा, पाळण्यातलं पोर आणि त्याच्या नावाचा राज्याचा पोशाख! पण तो दिसायला आजूबाजूची माणसं साधी हवीत ना.

ती खरंच साधी होती का? दरबारातली बरीचशी होती. शिवाजी महाराजांची जी समकालीन किंवा जवळपासच्या काळातली दख्खनी चित्रं युरोपातल्या म्युझियममध्ये आहेत त्यात लांब, पातळ सुती जामा दिसतो, कमरेला पटका, खाली विजार, आणि जामा इतका तलम की चित्रकारानं खालची विजार त्यातून दिसताना दाखवलीय. उंची दिसते ती पटक्यात, पागोट्यात, हत्यारात. आणखी शंभर वर्षं पुढे या. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार 1790 च्या दशकात पुण्यात होता, सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी यांची चित्रं त्यानं प्रत्यक्ष बघून केली, आणि त्याच्या स्केचेसवरून थॉमस डॅनियलनं पुढे पेशव्यांच्या दरबाराचं मोठं चित्र रंगवलं, जे आता लंडनच्या टेट गॅलरीकडे आहे. ते बघा. दरबार गच्च भरलाय आणि बहुतेक मंडळी पांढऱ्यात आहेत. किनखाब होताच हो, जरही होती, पण ती कुणाच्या अंगावर, कुठल्या दिवशी, किती, याला नियम होते आणि ते नियम सगळ्यांना वाचता यायचे. मे महिन्यातल्या पुण्यात रोज मखमल घालून बसायला ती माणसं काही वेडी नव्हती.

आता रंगांकडे येऊ, कारण इथं सगळ्यात जास्त गोंधळ आहे आणि इथं टीका करणारेही चुकतात. कोणी म्हणतं की तेव्हा भडक रंगच नव्हते, सगळं मातकट होतं. हे साफ चूक आहे. कुसुंब्यानं, म्हणजे करडईच्या फुलांच्या रंगानं, रेशमावर असला गुलाबी येतो की आजची राणी कलरची साडी फिकी वाटावी. प्रश्न रंग किती भडक होता हा नाहीच, तो किती दिवस टिकायचा हा आहे. कुसुंब्याचा रंग उन्हात उडतो, आणि खाराच्या किंवा साबणाच्या पाण्यात तर निघूनच जातो, मग कापड परत रंगवायला द्यायचं. म्हणजे गडद गुलाबी याचा अर्थ होता नवीन, किंवा नुकतंच रंगवून आणलेलं, किंवा परत परत रंगवणं परवडणाऱ्या घरातलं. हिरव्याची तर आणखी मजा आहे, सरळ हिरवा देणारा पक्का रंग नव्हता म्हणून कापड निळीत बुडवायचं आणि त्यावर पिवळा चढवायचा. त्यातला पिवळा हळदीचा असेल तर तो आधी उडतो, नीळ राहते. म्हणजे वापरलेलं हिरवं लुगडं हळूहळू निळसर होत जाणार, ते पण सगळीकडे सारखं नाही, खांद्यावर आणि डोक्यावरच्या पदराला जिथं ऊन लागतं तिथं जास्त, आणि काष्ट्याच्या आतल्या चुण्यांमध्ये जुना हिरवा तसाच शिल्लक. कारखान्यात केलेला पहिला कृत्रिम रंग आला 1856 ला, विल्यम पर्किननं केलेला जांभळा, म्हणजे पेशवाई बुडून अडतीस वर्षं झाल्यावर. त्याच्या आधीच्या कुठल्याही कथेत ज्या बाईचं हिरवं लुगडं चारशे एपिसोड एकाच हिरव्यात राहतं ती एकतर रोज नवं नेसते किंवा घराबाहेर पाऊलच टाकत नाही.

एखाद्या ड्रेसवाल्यानं हे फक्त एका पात्रासाठी करून बघावं. सासरी आली तेव्हा गडद हिरवं, दोन वर्षांनी खांद्यावर निळसर, मग कधीतरी तेच लुगडं फाडून केलेलं बाळाचं दुपटं. ती गरीब होत चाललीय हे कुणालाही तोंडानं सांगावं लागणार नाही, आणि सासूबाईंचा रंग मात्र उडत नाही एवढं दिसलं तरी घरातल्या तिजोरीच्या किल्ल्या कुणाकडे आहेत ते कळेल.

नऊवारीवर तर मला वेगळाच राग आहे. जुन्या नेसण्यात आत परकर नाही, पिना नाहीत (सेफ्टी पिनच मुळी 1849 ची आहे), कमरेला गाठ मारायची, निऱ्या खोचायच्या, काष्टा मागे घट्ट ओढून खोचायचा, आणि आठ-साडेआठ मीटर कापड फक्त गाठीवर आणि खोचण्यावर अंगावर राहतं. ते कापड सतत हलतं, म्हणून बाई सतत ते सावरते. खाली बसताना काष्टा सैल होतो, उठताना हात आपोआप मागे जातो, काम काढलं की पदर कमरेला खोचला जातो, कुणी मोठं माणूस आलं की तोच पदर डोक्यावर. या सगळ्या हालचाली म्हणजे नटीला फुकट मिळालेला अभिनय आहे! त्याऐवजी आपण शिवलेली नऊवारी देतो, पॅंटसारखी पाय घालून चढवायची, मागे हुक नाहीतर वेल्क्रो, खांद्यावर इस्त्री केलेल्या प्लीट्सना पिना. ओळखायची असेल तर बाई जमिनीवर बसून उठते तो शॉट बघा, खरं नेसणं त्यानंतर थोडं बदललेलं दिसतं, शिवलेलं जसंच्या तसं उभं राहतं, आणि नटीचे दोन्ही हात पुढे बांधून ठेवल्यासारखे, कारण त्यांना काही कामच नाही.

हे का होतं ते मला कळतं. डेली सोप आहे, रोज 20-22 मिनिटांचं फुटेज काढायचंय, बारा-बारा तासांची शिफ्ट, एका दिवसात तीन एपिसोडचे सीन, कंटिन्युइटी सांभाळायची, दहा मिनिटांत चेंज करून ये म्हणतात. त्यात नेसवायला माणूस किती ठेवणार. ड्रेसवाल्या दादांना आणि ताईंना यात दोष देण्यात काही अर्थ नाही, त्यातल्या बऱ्याच जणांना खरं नेसणं माझ्या-तुमच्यापेक्षा चांगलं येतं. दोष आहे तो वरून येणाऱ्या ऑर्डरचा, फ्रेम रिच दिसली पाहिजे ही ती ऑर्डर. आणि या ‘रिच’पायी स्वयंपाकघरातही पैठणी येते. पेशवाईतल्या ब्राह्मण घरात चुलीपुढची बाई सोवळ्यात असणार, वेगळं वाळत घातलेलं लुगडं, ते कोरडं नसेल तर ओलेत्यानं, नाहीतर रेशमी मुकटा किंवा धाबळी, आणि त्या सोवळ्याला कोण शिवू शकतं कोण नाही यावर ते अख्खं घर चालायचं. त्यात जातीची उतरंड होती, पाळीचा विटाळ होता, विधवेचं लाल आलवण होतं. चुलीपुढे जरीचा पदर आणि तनमणी घालून हसत पुरण वाटणारी बाई दाखवली की हे सगळं एका फटक्यात गायब होतं. म्हणजे चकाकीनं इतिहास नुसता सुंदर होत नाही, तो निर्दोषही होतो, आणि मला शंका आहे की ती चकाकी आपल्याला आवडण्याचं हेही एक कारण असावं. पिंग्यावर रागावलेल्या किती जणांनी कधी विचारलं की या एवढ्या मोठ्या वाड्यात आलवणातली एकही बाई का दिसत नाही?

इथे एक आक्षेप येतो आणि तो बरोबर आहे. सगळं अचूक करताच येत नाही, प्रत्येक पीरियड सिनेमा शेवटी ज्या सालात बनला ते सालच दाखवतो, सत्तरच्या दशकातल्या ऐतिहासिक सिनेमातल्या नट्यांचे केस बघा, कुठलंही शतक असो, आयलायनर सत्तरचंच. मान्य. मला म्युझियम नकोय. ठरवून मोडलं तर मजाही येते, ‘मारी आंत्वानेत’ मध्ये 2006 ला सोफिया कोपोलानं राणीच्या उंची बुटांच्या ढिगात कॅनव्हासचे कॉन्व्हर्स शूज ठेवून दिले होते आणि त्या सिनेमाच्या कॉस्च्युम्सना ऑस्कर मिळालं. ‘ब्रिजर्टन’ वाले तर सुरुवातीपासूनच सांगतात की हे आमचं स्वप्नातलं लंडन आहे. पण त्यांनी नियम मोडलाय हे त्यांना माहीत असतं, आपल्यालाही दिसतं. आपल्याकडे होतं ते उलटं, मालिकेच्या आधी काळ्या पाटीवर लिहायचं की काही प्रसंगांचं नाट्यरूपांतर केलंय, आणि मग मुलाखतीत सांगायचं की आम्ही दोन वर्षं रिसर्च केला, एकेक दागिना अस्सल आहे. स्वप्न दाखवतोय म्हणा किंवा रिसर्च केलाय म्हणा, दोन्ही एकदम म्हणू नका.

आणि साधं कापड दाखवून मोठं काम होत नाही असं कुणी म्हणत असेल तर आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैयांचं काय करायचं? भारताला मिळालेलं पहिलं ऑस्कर त्यांचं, 1983 साली, ‘गांधी’साठी, जॉन मोलोबरोबर. त्या सिनेमात कॉस्च्युम म्हणून मिरवण्यासारखं काय आहे सांगा. सुरुवातीला बॅरिस्टरचा सूट, टाय, आणि तिथून एकेक करून कपडे कमी होत जातात, शेवटी एक पंचा आणि एक चादर. तीन तासांत एका माणसाचं अख्खं राजकारण त्याच्या अंगावरून कमी होत गेलेल्या कपड्यांत वाचता येतं, आणि आजूबाजूला हजारो माणसांच्या अंगावर वापरलेली, धुतलेली, आपापल्या प्रांताची वस्त्रं. पुढे ‘लगान’ साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तिथेही खेडेगाव आहे, दुष्काळ आहे आणि गावकऱ्यांचे कपडे तसेच आहेत.

कापड जुनं करायला पैसेही फार लागत नाहीत, लागतो वेळ. याला ब्रेकडाउन म्हणतात. कापड आधी दहा-बारा वेळा धुवायचं म्हणजे त्याची खळ जाते आणि ते अंगावर पडतं, मग चहाच्या पाण्यातून काढून पांढऱ्याचा कोरा झगझगीतपणा मारायचा, कोपर, गुडघे, गळपट्टी, जिथं खरंच झिजतं तिथंच सॅंडपेपर फिरवायचा, मुलतानी मातीनं धूळ चढवायची. चूक एकच होते आणि ती लगेच दिसते, सगळ्या अंगावर सारखाच मळ लावला जातो. खरा मळ सारखा नसतो. शेतकऱ्याच्या धोतराला तो खालून चढतो, मोरीवर काम करणाऱ्या बाईच्या लुगड्याचा पुढचा भाग भिजून भिजून फिका होतो, कारकुनाच्या बाहीला शाई लागते. हे ज्याला बघता येतं असा एक माणूस मालिकेत ठेवला तर निम्म्या नव्या साड्यांची खरेदी वाचेल, कारण पात्राला तीच पाच लुगडी वर्षभर नेसवता येतात. रिपीट झाली म्हणून प्रेक्षक ओरडत नाही, उलट ओळखीची होतात.

कापड स्वतःच गोष्ट असतं याचं माझं आवडतं उदाहरण पेशवाईतलं नाही, आनंदीबाई जोशींचं आहे. 1883 ला ती अमेरिकेला निघाली तेव्हा प्रश्न नुसता धर्म आणि समुद्र ओलांडण्याचा नव्हता, नेसायचं काय हाही होता. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिथली थंडी! म्हणून तिनं गुजराती पद्धतीनं, पाय झाकतील अशी साडी नेसायला घेतली. आणि इकडे पुण्या-मुंबईकडच्या लोकांना हीपण कुरकुर करायला जागा मिळाली, बघा, वेष सोडलाच शेवटी. 1885 चा तो प्रसिद्ध फोटो असेल बघितलेला, फिलाडेल्फियाच्या कॉलेजातला, शेजारी जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशाच्या वेषात. तो फोटो आपण अभिमानानं फॉरवर्ड करतो. पण तिच्या अंगावरची साडी ही धर्म न सोडता थंडीत जिवंत कसं राहायचं याचं बावीस वर्षंही न जगलेल्या मुलीनं काढलेलं उत्तर होतं, हे एखाद्या मालिकेनं अख्खा एपिसोड देऊन दाखवावं. संवादही कमी लागतील. आरसा, नऊवारी, खाली उघडे पाय, बाहेर बर्फ, आणि मग ती निऱ्या सोडते.

म्हणून कमिटीबद्दल माझं मत असं की रिलीजच्या आधी सीन कापणारी कमिटी नको, तिनं काय होणार ते आपल्याला माहीत आहे, नाच जाईल आणि पॉलिस्टरची मखमल राहील. त्यापेक्षा शेवटच्या नामावलीत एक गोष्ट सक्तीची करा, कुठलं चित्र, कुठली बखर, कुठला फोटो, कुठल्या म्युझियममधला नमुना बघून हे कपडे केले ते लिहा. पुण्यातच केळकर म्युझियम आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, वेल्सची चित्रं तर आता घरबसल्या मोबाईलवर दिसतात. आणि जिथं काही न बघता मनानंच केलंय तिथं तसं लिहा, त्यात लाज कसली. सरकारी पैसे घेऊन जे महानाट्य किंवा मालिका करतात त्यांना तर हे आधी लागू करा.

प्रेक्षकाला एवढं कुठं कळतं, हे चॅनलवाल्यांचं नेहमीचं उत्तर मला अजिबात पटत नाही. पिंग्याच्या वेळी लोकांनी लुगडं किती खाली नेसलंय ते बोट ठेवून दाखवलं होतं ना! नजर आहे, ती फक्त बाईच्या कमरेपाशी अडकलीय. तीच नजर त्याच लुगड्याच्या रंगावर, काष्ट्यावर, आणि मागे पाण्याची घागर घेऊन उभ्या असलेल्या कुणबिणीच्या अंगावर काय आहे तिथपर्यंत न्यायला हवी, कारण अशा वाड्यात कुणबिणी होत्या, विकत घेतलेल्या बायका होत्या, आणि आपल्या मालिकेत त्याही इस्त्रीच्या साडीत उभ्या असतात.